गोधडीतली चिठ्ठी: आईनं नातीसाठी केलेल्या कामाच्या नोंदी

(माझी आई, वय ७१, शिक्षण चौथी. नात म्हणजे माझी भाची, पुण्याला असते, १४ जूनला तिला बारा पूर्ण. आईनं तिच्यासाठी गोधडी शिवायला घेतली आणि आत एक छोटी चिठ्ठी घालायची ठरवली. गोधडी शिवणं आमच्याकडे सगळ्यांना येतं, त्यात सांगण्यासारखं फार नाही, पण ती चिठ्ठी धुतल्यावरही टिकली पाहिजे हे काम आम्हाला सव्वा महिना पुरलं. कोणाला असं काही करायचं असेल तर आमचे चुकलेले दिवस तरी वाचतील म्हणून लिहून ठेवलंय. चिठ्ठीतला मजकूर भाचीला आणि वहिनीला विचारूनच टाकलाय.)

३ मे

गोधडीचं कापड काढलं. आईची दोन जुनी सुती लुगडी, बाबांचं एक धोतर, माझं एक सुती पातळ. पेटीत नायलॉनची पातळंही होती, ती नाही घेतली, नायलॉन आत सरकते आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. माप पाच फूट बाय साडेसहा फूट धरलं म्हणजे पोरगी मोठी झाली तरी पुरेल. सगळं कापड एकदा धुऊन वाळवलं, ऊन इतकं आहे की अर्ध्या तासात लाकडासारखं कडक.

आई म्हणाली, "आतमंधी एक चिठ्ठी ठेवतो मी." मी म्हटलं ठेव, त्यात काय, कागदावर लिहू आणि टाकू. तर म्हणे, "धुतल्यावर राह्यली पायजे. शंभर डाव धुतली तरी." कायले एवढं, विचारलं, तर काही बोलली नाही.

६ मे

पहिली चूक माझी. आईनं सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं, आणि मी वहीच्या दीड पानाचं पत्र लिहून काढलं, खूप शिक, मोठी हो, आईवडिलांचं नाव काढ, असं सगळं. तालुक्याला जाऊन लॅमिनेशन करून आणलं, ३० रुपये, जाणंयेणं धरून अर्धा दिवस.

घरी आणून दोन कापडांच्या मधात ठेवून बघितलं तर कूस बदलली की करकर वाजते आणि कोपरे टोचतात. कोपरे कात्रीनं गोल कापले तर कडेचा चिकटलेला भागच कापला गेला, बादलीत टाकल्यावर तिथून पाणी आत शिरलं आणि अक्षरं पसरली. म्हणजे लॅमिनेशन करायचंच असेल तर कागदाच्या बाहेर चारी बाजूंनी बोटभर प्लॅस्टिक सोडावं लागेल, आणि मग ते आणखीच टोचणार. अंगावर घ्यायच्या वस्तूत प्लॅस्टिक नाहीच चालत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आईनं ते पत्र मला वाचायला लावलं, ऐकलं, आणि म्हणाली, "हे तं तू लिवलं व बाई. माह्यं कुठी हाय याच्यात?" मला वाईट वाटलं पण खरं होतं ते.

९ मे

कागद सोडला, कापडावर लिहायचं ठरवलं. एक मीटर मांजरपाट आणला, ७० रुपये. नवा मांजरपाट तसाच वापरू नये, त्याला कांजी असते आणि पहिल्या धुण्यात तो आटतो, तर आधी गरम पाण्यात भिजवून, चोळून, वाळवून घेतला. आमचा चांगला बोटभर आटला.

चार पट्ट्या कापल्या आणि घरात होतं त्या सगळ्यानं एकएक ओळ लिहिली. बॉलपेन, जेलपेन, साधी पेन्सिल, आणि पर्मनंट मार्कर (२५ रुपयांचा, बारीक टोकाचा). रात्रभर पावडरच्या पाण्यात, सकाळी दगडावर चोळून, उन्हात. असं तीन दिवस.

१२ मे

जेलपेन पहिल्याच दिवशी निळा डाग होऊन गेला. बॉलपेन पाण्याला टिकला पण पावडरनं जांभळट पडत गेला, तिसऱ्या दिवशी माहीत असेल तरच वाचता येईल इतका. पेन्सिल पाण्यानं पसरत नाही पण चोळलं की निघून जाते. मार्कर काळाचा राखाडी झाला तरी स्पष्ट होता, म्हणून मार्कर पक्का केला.

एक चूक तेव्हा लक्षात नाही आली. त्या पट्ट्यांवर मी लिहिलं होतं, आईनं नाही.

१४ मे

आईनं मार्कर हातात घेतला आणि पहिल्याच अक्षराला कापडावर वाटाण्याएवढा ठिपका. आई हळू लिहिते, प्रत्येक अक्षराआधी थांबते, आणि मार्करचं टोक कापडाला टेकलेलं राहिलं की शाई धाग्याधाग्यानं पसरत जाते. मी भराभर लिहिते म्हणून माझ्या पट्टीवर हे दिसलंच नव्हतं. ज्याचं अक्षर राहणार आहे त्याच्याच हातानं ट्रायल घ्या, आमचे पाच दिवस इथं गेले.

बाजूच्या काकूंनी खळ द्यायला सांगितलं. तांदळाची पातळ पेज गाळून कापड त्यात बुडवलं, पिळून न घेता सावलीत वाळवलं, थोडं ओलसर असतानाच इस्त्री केली. कापड कागदासारखं झालं. परीक्षेच्या पॅडवर चारी बाजूंनी चिमटे लावून ताणून बसवलं म्हणजे टोक अडकत नाही. पसरणं बरंच कमी झालं, पण थांबलं की ठिपका येतोच. चार कापडं खराब झाली. शेवटच्यावर नातीचं नाव नीट आलं आणि पुढच्या शब्दावर आईचा हात थरथरला, तिनं टोपण लावून मार्कर ठेवून दिला आणि शेवया करायला बसली.

दुसरा मार्करही वाळला, टोपण नीट बसलं नव्हतं. २५ रुपये गेले.

१७ मे

तीन दिवस चिठ्ठीला हात नाही लावला, फक्त गोधडी. वरचं कापड, खालचं कापड, मधात लुगड्याचे चार थर, ओसरीवर पसरून आधी लांब कच्चे टाके घातले, मग कडेपासून आत धावदोरा. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, मधात बाहेर बसायची सोय नाही, ४५ च्या वर आहे.

तिचा हात बघत होते मी. पेन धरला की थरथरतो आणि सुई धरली की अजिबात नाही. टाके असे एकसारखे की मोजून घ्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यानं कमी दिसते, तरी सुई सरळ जाते, कारण बोटालाच ते ठाऊक आहे. मग मीच म्हटलं, आई, दोऱ्यानं लिही ना.

ती हसली. म्हणे, "आधी कायले नाई सांगतलं?"

१९ मे

पद्धत अशी बसली. खळ दिलेलं कापड पॅडवर, खाली दुरेघी वहीचं पान, कापडातून रेघा फिक्या दिसतात म्हणून त्या वहीच्या पानावरच पेनानं जाड करून घेतल्या. आईनं साध्या पेन्सिलनं हलक्या हातानं लिहायचं. पेन्सिलला घाई नसते, थांबलं तरी ठिपका नाही, चुकलं तर खोडता येते. मग त्याच रेघेवर तिनंच उलटी टीप घालायची. धावदोऱ्यानं अक्षर तुटक दिसते, उलट्या टिपेनं सलग रेघ येते.

मी पहिल्यांदा तिची अक्षरं "सुधारून" द्यायला गेले, तिचा ळ उलटा वाटोळा येतो. तिनं हात बाजूला केला माझा. बरोबरच होतं, ळ तसाच राहिला.

अक्षर किती मोठं हवं हे दोनदा चुकलं. आधी अर्ध्या सेंटीमीटरचं घेतलं तर वेलांट्या आणि मात्रा दोऱ्यानं बुजल्या, थ आणि य ओळखू येईना. एक सेंटीमीटर उंचीला सगळं साफ वाचता आलं, आणि दोन ओळींमध्ये अडीच सेंटीमीटर सोडलं म्हणजे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा भिडत नाही. भरतकामाच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्यायचे, तीन घेतले तर अक्षर लठ्ठ होते.

२१ मे

लाल दोऱ्यानं सुरू केलं होतं, शुभ म्हणून. बाई एवढा एक शब्द झाला. सवय म्हणून तो तुकडा धुऊन बघितला आणि सगळं कापड गुलाबी. गडद निळी लडी आणली. आता दोरा वापरायच्या आधी वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवायचा, रात्रभरात रंग उतरला नाही तरच घ्यायचा. निळा टिकला.

२२ मे

आज कळलं चिठ्ठी कशाची आहे ते.

आईनं पेन्सिलनं वहीत लिहून दाखवलं. पोरीला बारा होतात, वर्षादोनवर्षात तिची पाळी सुरू होईल. आई लग्न होऊन आली तेव्हा चार दिवस बाहेर बसायचं, मागच्या पडवीत, निजायला पोतं, पांघरायला एक वेगळी काढलेली फाटकी गोधडी, घरातल्या सगळ्या बायांना तीच, आणि पाचव्या दिवशी ती आपली आपण नदीवर धुऊन आणायची. थंडीतही तेच. ती गोधडी घरातल्या दुसऱ्या अंथरुणाला लागू द्यायची नाही. मला हे अर्धंमुर्धं माहीत होतं, आमच्या वेळी पोतं गेलं होतं पण बाजूला बसणं होतंच, आणि आईनंच मला बसवलं होतं. ते ती बोलली आज. म्हणाली, "तुले बसवलं मी. तवा जमलं नाई. हिले तरी नाई बसवू देत."

म्हणून धुतल्यावर टिकली पाहिजे. ती गोधडी धुतली जाणारच आहे.

मी बराच वेळ काही बोलले नाही. मग वहिनीला फोन केला, कारण पोरीला याबद्दल काही सांगितलंय का नाही हे माहीत असल्याशिवाय असं लिहून पाठवणं बरोबर नाही. वहिनी म्हणाली शाळेत माहिती दिली आहे आणि तिनंही सांगितलंय, पाठवा खुशाल. दादाला सांगू का विचारलं, आई म्हणे नको, पोरीची चिठ्ठी आहे.

२३ ते २५ मे

मजकूर लहान करणं. टाक्यानं लिहायचं म्हणजे एका शब्दाला वीस ते पंचवीस मिनिटं, आणि जोडाक्षराला त्याहून जास्त, कारण दोन अक्षरं एकमेकांत अडकतात तिथं दोरा दाटतो. आईनं जोडाक्षरंच काढायची ठरवली. उदाहरण सांगते. डागाची ओळ तिनं आधी अशी लिहिली होती, "डाग पडला तं थंड्या पान्यानं धू". त्यात ड्या आणि न्या, दोन अडचणी. तर झालं, "डाग पडला तं थंड पानी घे". अर्थ तोच, बोलताना आम्ही असंच बोलतो. (गरम पाणी लावलं की रक्ताचा डाग कापडात पक्का बसतो, रक्तातलं प्रोटीन गोठतं म्हणून. आईला कारण माहीत नाही पण हे तिनं पन्नास वर्षं केलंय.)

सुखी राहा, खूप शिक, असं सगळं गेलं. मी म्हटलं एक आशीर्वादाची ओळ तरी ठेव, तर म्हणाली ती फोनवर देतेच की रोज.

एकच जोडाक्षर तिनं सोडलं नाही, पोत्यावर. मी गोणपाट सुचवलं, त्यात जोडाक्षर नाही. नाही म्हणे, पोतं होतं तं पोतंच लिवीन.

२६ मे ते २ जून

रोज सकाळी तीनचार शब्द, डोळा दुखला की बंद. शिरोरेघ शेवटी घातली, आधी सगळी अक्षरं आणि मग वरून एक सलग टीप शब्दभर, यानं वेळ वाचला आणि अक्षरं एका ओळीत बसली. मागच्या बाजूला गाठ नाही मारायची, दोऱ्याचं टोक टाक्यांखालून तीनचार वेळा ओवून कापायचं, गाठ हाताला लागते आणि धुताना सुटते.

एका ओळीत शब्द चुकला, निजली ऐवजी नजली झालं, वेलांटी राहिली. उसवायला निघालो तर खळीचं कापड सुईच्या भोकांनी विरळ दिसायला लागलं. उसवलं नाही, राहिलेल्या जागेत वेलांटी घुसवली, थोडी तिरकी आहे.

पूर्ण झाल्यावर कोमट पाण्यात धुतलं. खळ काढून टाकणं गरजेचं आहे, नाहीतर पेटीत कसर लागते, झुरळं कुरतडतात. पेन्सिलही बरीचशी गेली. २४ बाय २० सेंटीमीटरचं कापड, सात ओळी, २७ शब्द:

*बाई,*
*हे गोधडी चारही दिवस पांघर.*
*वेगळी काढू नको.*
*कोनी सांगतलं तरी नको.*
*डाग पडला तं थंड पानी घे.*
*मी पोत्यावर निजली. तू निजू नको.*
*तुई आजी*

५ जून

आता ठेवायची कुठं. एका कोपऱ्यात आतून खिसा करायचा होता. मी खिसा आधी लावला आणि मग त्या कोपऱ्यातला धावदोरा घातला, तर टाके खिशाच्या दोन्ही बाजूंतून गेले आणि खिसा शिवून बंद. दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या. पुन्हा करताना खिशात पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवला, सुई पुठ्ठ्याला लागली की कळते की खोल चालली. गोधडी पूर्ण झाल्यावर पुठ्ठा काढला.

खिशाचं तोंड पक्कं नाही शिवलं, सहा कच्चे टाके फक्त, वेगळ्या पिवळ्या दोऱ्यानं, म्हणजे पोरीला ओढून काढता येतील आणि चिठ्ठी धुताना हवी तर बाहेर काढता येईल. बाकी सगळी गोधडी पांढऱ्या दोऱ्यानं आहे त्यामुळे पिवळा लगेच दिसतो.

९ जून

गावातला एक पोरगा पुण्याला कंपनीत आहे, तो ट्रॅव्हल्सनं निघाला होता, त्याच्यासोबत पाठवली. प्लॅस्टिकमध्ये नीट बांधून, कारण तिकडे पाऊस सुरू झाला होता, आमच्याकडे अजून ढगही नाहीत.

खर्च: लॅमिनेशन ३०, मार्कर दोन ५०, मांजरपाट ७०, लड्या तीन ४५, गोधडीचा रीळ ६०. एकूण २५५ रुपये, त्यातले लॅमिनेशन, मार्कर आणि लाल लडी धरून ९५ वाया. गाडीभाडं वेगळं.

१४ जून

आईनं फोनवर फक्त एवढं सांगितलं, "पिवया दोरा हाय पाय एका कोपऱ्याले. रात्री निजताना वढजो. आत्ता नको." पोरगी हो म्हणाली.

२० जुलै

वहिनीनं पहिल्यांदा गोधडी धुतली, मशीनमध्ये, चिठ्ठी आत असतानाच, विसरली म्हणे. फोटो पाठवला. निळा उतरला नाही, अक्षरं सगळी जागेवर. कापड चुरगळलं आहे, उलट्या बाजूनं इस्त्री करायला सांगितली. घुसवलेली वेलांटी थोडी सैल झाली आहे, एवढंच.

संध्याकाळी पोरीचाच फोन आला, माझ्या फोनवर, म्हणाली आत्या, आजीला दे. आईला तिनं काय विचारलं ते मला स्पीकर नव्हता म्हणून ऐकू नाही आलं, आईचं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं, "पोतं म्हंजे ज्वारीचं, बाई, तागाचं, लय टोचे ते." मग ती फोन घेऊन मागच्या पडवीत गेली आणि पाऊण तासानं बाहेर आली.